तीन कागद, तीन हात: पेमेंट सोडण्याआधी पीओ, जीआरएन आणि बिल कसं जुळवायचं

बिल आलंय, एकूण १,३४,९०० चं. पर्चेस ऑर्डरच्या, म्हणजे पीओच्या दराने या खेपेचा माल १,३५,००० चा होतो. फरक जेमतेम १०० चा, तोही आपल्याच बाजूचा. जीआरएन, म्हणजे माल आल्याची स्टोअरची नोंद, सिस्टीममध्ये पडलाय, तिन्ही कागदांवर पीओ नंबर एकच आहे आणि पुरवठादाराकडून सकाळपासून दोन फोन येऊन गेलेत. अशा वेळी पेमेंट रिलीज करायला हात आपोआप पुढे जातो.

या बिलात प्रत्यक्षात १५,६६० जास्त लागलेत. ते कुठे लपलेत आणि कसे सापडतात, हेच आपण शेवटपर्यंत बघणार आहोत. हिशेब सोपा राहावा म्हणून सगळ्या रकमा कर लागण्यापूर्वीच्या घेतल्या आहेत.

आकडे बघण्याआधी कागद कुणी आणि कधी केले ते बघा

हे तीन कागद एकमेकांशी जुळवणं म्हणजे थ्री-वे मॅचिंग, आणि त्याचा सगळा जोर एका गोष्टीवर आहे. तीन कागद तीन वेगळ्या हातांनी, एकमेकांकडे न बघता तयार झालेले असले पाहिजेत. काय मागवलं आणि कोणत्या दराने, हे पर्चेसने आधी लिहिलेलं असतं. काय आलं, हे स्टोअरने माल मोजून लिहिलेलं असतं. किती पैसे हवेत, हे पुरवठादार सांगतो. यातला एक कागद दुसऱ्यावरून उतरवला असेल, तर ते तीन कागद उरत नाहीत. दोनच असतात, आणि ते तर जुळणारच.

हे मी चुकून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत बिल आलं आणि जीआरएन नसला, की मी बिलाची स्कॅन कॉपी स्टोअरला मेल करायचो आणि खाली लिहायचो, "जीआरएन टाका, पेमेंट अडलंय." अर्ध्या तासात जीआरएन यायचा आणि नगाला नग जुळायचा. मला वाटायचं, काम किती चोख चाललंय. वर्षअखेरीला प्रत्यक्ष स्टॉक मोजला तेव्हा काही आयटम कागदावर होते आणि रॅकवर नव्हते. स्टोअरचा माणूस माझ्याच मेलमधला आकडा बघून एंट्री करत होता. मोजायला वेळ नव्हता आणि आकडा आयता मिळत होता. तेव्हापासून मी स्टोअरला बिल पाठवत नाही. फक्त पीओ नंबर आणि चलान नंबर कळवतो आणि विचारतो, "यावर काय आलं?"

म्हणून पहिली पायरी तारखांची. पीओची तारीख बिलाच्या तारखेआधीची हवी. ती नंतरची असेल, तर माल तोंडी मागवला आणि बिल आल्यावर त्याच आकड्यांचा पीओ बनवला असा अर्थ होतो. तिथे दर तपासण्यात काही अर्थ राहत नाही. अशा बिलाला मॅचिंग पुरत नाही, खरेदीची वेगळी मंजुरी लागते. पीओ दुरुस्त झाला असेल तर दुरुस्तीची तारीखही बघा. बिल आल्याच्या दुसऱ्या दिवशी दर वाढवून पीओ बिलाला जुळवलेला असणं, हे प्रकरण मी पुष्कळदा पाहिलंय. दरवेळी त्यात लबाडी असतेच असं नाही, पण कारण लेखी हवं.

जीआरएनची एंट्री कधी आणि कुणाच्या लॉगिनने झाली, तेही बघा. पीओ करणाऱ्याच्याच लॉगिनने जीआरएन पडला असेल तर थांबा. एखाद्या पुरवठादाराचे वर्षभराचे सगळे जीआरएन चलानाशी तंतोतंत जुळत असतील, एकदाही कमी नाही, एकदाही रिजेक्शन नाही, तर तिथे माल मोजला जात नसण्याची शक्यता मोठी आहे. मोजणाऱ्या स्टोअरच्या नोंदीत कधी ना कधी फरक दिसतोच.

आणि हे बिल आधीच भरलं गेलेलं नाही ना? सिस्टीम तोच बिल नंबर दुसऱ्यांदा घेत नाही, पण तिच्या दृष्टीने ०४५७ आणि ४५७ ही दोन वेगळी बिलं असू शकतात, डॅश असलेला नंबर आणि नसलेला नंबरही. म्हणून पुरवठादाराच्या खात्यात नंबराने शोधून झालं, की रकमेनेही शोधा. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि ते कधीही टाळू नये.

आता ओळीला ओळ

आपल्या उदाहरणातल्या पीओत तीन ओळी आहेत. ६२०४ नंबरच्या बेअरिंगचे ६०० नग, दर १८०. ऑइल सीलचे ४०० नग, दर ४५. ग्रीस १८० किलो, दर ४००. दर पोहोच आहेत, म्हणजे वाहतूक दरातच धरली आहे. पहिल्या खेपेत ३५० बेअरिंग आले, ते सगळे पास झाले आणि त्यांचं बिल भरूनही झालं. उरलेलं सगळं दुसऱ्या खेपेत आलं. समोर असलेलं बिल त्याच खेपेचं:

| ओळ | बिलात | रक्कम | जीआरएन काय म्हणतो |
|---|---|---|---|
| बेअरिंग | २५० नग, दर १८० | ४५,००० | आले २५०, पास २३८, रिजेक्ट १२ |
| ऑइल सील | ४०० नग, दर ४१ | १६,४०० | आले ४००, पास ४०० |
| ग्रीस | १० बादल्या, दर ७,२०० | ७२,००० | १८० किलो |
| वाहतूक | | १,५०० | |

बेरीज १,३४,९००. पीओच्या दराने २५० बेअरिंगचे ४५,०००, सीलचे १८,००० आणि ग्रीसचे ७२,००० मिळून १,३५,०००. बेरजेला बेरीज लावली तर हे बिल सहज पास होतं, कारण एका ओळीतली कमी दुसरीतल्या जास्तीला झाकते. म्हणून खालची बेरीज सगळ्यात शेवटी बघायची. आधी प्रत्येक ओळ.

बेअरिंगपासून सुरुवात करू. इथे नेहमीची चूक म्हणजे "आले" हा आकडा धरणं. २५० आले आणि २५० चं बिल, म्हणून जुळलं, असं वाटतं. पैसे मात्र "पास" झालेल्या मालाचे द्यायचे असतात. १२ नगांवर गंज होता, ते क्वालिटीने बाजूला काढले. जिथे तपासणी एक-दोन दिवसांनी होते तिथे हा धोका जास्त असतो. जीआरएन आधी पूर्ण नगांचा पडतो आणि रिजेक्शन मागून येतं. तपासणी लागणारा आयटम असेल, तर क्वालिटीचा शेरा येईपर्यंत मी बिल जुळवायलाच घेत नाही.

माल खेपांमध्ये येतो तेव्हा एका बिलापुरतं बघून भागत नाही. त्या ओळीवर आजवर एकूण किती पास झालं आणि आजवर किती नगांचं बिल धरलं गेलं, हे दोन आकडे हाताशी हवेत. सिस्टीममध्ये पीओच्या ओळीचा इतिहास उघडला की दोन्ही मिळतात. सिस्टीम नसेल तर एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीला चार रकाने करा. C मध्ये पीओतले नग, D मध्ये आजवर पास, E मध्ये आधीच्या बिलांतले नग आणि F मध्ये या बिलातले नग. या बिलापोटी द्यायचे नग असे निघतात:

```
=MAX(0,MIN(F2,MIN(C2,D2)-E2))
```

बेअरिंगच्या ओळीत C ६००, D ५८८, E ३५० आणि F २५०. उत्तर २३८. म्हणजे ४२,८४० द्यायचे, आणि बिलात २,१६० जास्त आहेत. आतला `MIN(C2,D2)` एवढ्यासाठी, की पुरवठादाराने मागणीपेक्षा जास्त माल उतरवून दिला आणि स्टोअरने तो घेतला, तरी पीओच्या पलीकडे पैसे जाऊ नयेत. जास्तीचा माल ठेवायचा की परत करायचा, हे पर्चेसने ठरवायचं आणि पीओ वाढवून लेखी द्यायचं.

ग्रीसची बादली

ही ओळ सगळ्यात फसवी, कारण इथे कागद चक्क जुळतात. पीओत १८० किलो, जीआरएनमध्ये १८० किलो. बिलात १० बादल्या, एक बादली ७,२०० ला. एका बादलीत १८ किलो धरले तर किलोला ४०० पडतात, तेही जुळतं. सिस्टीम या ओळीवर कसलीही खूण करणार नाही.

मला शंका आली ती फक्त एका कारणाने. तीन कागदांवर दोन वेगळी एककं होती. बिलात बादल्या आणि बाकी दोन्हीत किलो. जिथे एकक बदलतं तिथे मधे कुणीतरी गुणाकार केलेला असतो, आणि तो कुठल्या आकड्याने केला हे शोधावं लागतं. स्टोअरने किलो मोजले नव्हते, बादल्या मोजल्या होत्या. आयटम मास्टरमध्ये "१ बादली = १८ किलो" असं जुनं भरलेलं होतं, त्यामुळे १० टाकल्यावर सिस्टीमने स्वतःच १८० दाखवले. मी चलानाची प्रत उघडली. त्यावर बारीक अक्षरांत १५ किलोचं पॅक लिहिलं होतं. लगेच स्टोअरला फोन लावला.

"काका, ग्रीसच्या बादलीवर निव्वळ वजन काय छापलंय, तेवढं वाचून सांगता का?"

"थांबा हं. पंधरा किलो. आधी अठराच्या यायच्या."

म्हणजे आले १५० किलो. ४०० च्या दराने ६०,०००. एका ओळीत १२,००० जास्त.

बॉक्स आणि नग, रोल आणि मीटर, ड्रम आणि लिटर, हे सगळं असंच. एकक बदललेलं दिसलं की चलान उघडा, आणि चलानावर नसेल तर मालावरचा छापील आकडा विचारा. त्याच दिवशी आयटम मास्टर दुरुस्त करायला सांगा, नाहीतर पुढच्या खेपेत हेच पुन्हा होईल.

कमी लावलेला दर आणि न ठरलेली वाहतूक

ऑइल सीलचा दर पीओत ४५ आणि बिलात ४१. बिल १,६०० ने कमी. अशा वेळी बहुतेक जण काही न बोलता पुढे जातात. पैसे बिलाप्रमाणेच द्यायचे, ते बरोबरच आहे. पीओत जास्त आहे म्हणून बिलापेक्षा जास्त द्यायचं नसतं. पण पर्चेसला एक ओळ लिहून विचारा. कदाचित पुरवठादाराने जुना दर चुकून लावला असेल आणि महिन्याभराने फरकाचं वेगळं बिल येईल. त्या बिलाला सोबत माल नसतो, जीआरएन नसतो, आणि तेव्हा कुणालाच काही आठवत नाही. किंवा दर खरंच उतरला असेल आणि पीओच जुना राहिला असेल, तर पुढच्या ऑर्डरीत आपण विनाकारण जास्त दराने मागवू.

वाहतुकीचे १,५०० सरळ नामंजूर, कारण पीओत दर पोहोच आहे. ज्या पीओत वाहतूक वेगळी धरलेली असते तिथेही ती रकमेने किंवा दराने लिहिलेली हवी. "प्रत्यक्ष लागेल तेवढी" असं असेल तर ट्रान्सपोर्टरची पावती सोबत लागते. बिलाच्या तळाशी येणाऱ्या या ओळींना जीआरएनचा आधार नसतो, म्हणून त्या सहज निसटतात.

आता हिशेब. ४२,८४० अधिक १६,४०० अधिक ६०,०००, म्हणजे १,१९,२४०. बिल १,३४,९०० चं. फरक १५,६६०, म्हणजे बेअरिंगचे २,१६०, ग्रीसचे १२,००० आणि वाहतुकीचे १,५००.

टॉलरन्स कशाला लावायचा

पैशापैशाच्या फरकासाठी बिल अडवणं परवडत नाही, म्हणून थोडी सूट ठेवतात. ती ओळीला लावा, बिलाच्या बेरजेला कधीच नाही. का, ते वरच्या उदाहरणात दिसतंच. नुसती टक्क्यांत ठेवली तर मोठ्या ओळीत मोठी रक्कम आत शिरते. नुसती रकमेत ठेवली तर छोट्या ओळीत दर दुप्पट झाला तरी कळत नाही. म्हणून दोन्ही ठेवायच्या आणि जी कमी भरेल ती लागू करायची. समजा दराच्या फरकाला २ टक्के किंवा ५०० ही हद्द आहे. ७२,००० च्या ओळीत २ टक्के म्हणजे १,४४०, त्यामुळे तिथे ५०० लागू होतील. नगांवर मोजल्या जाणाऱ्या मालाला नगांची सूट शून्य ठेवावी असं माझं मत आहे. वजनाच्या मालात काट्याचा फरक येतो, तिथे थोडी द्यावी.

आपली हद्द पुरवठादाराला सांगू नका. तो दर बिलाला त्या हद्दीच्या जरा आतच येऊ लागला, तर सहा महिन्यांची बिलं एकत्र काढून बघा. चुका कमी-जास्त अशा दोन्ही बाजूंना होतात. सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या दिसल्या तर ती गोष्ट वरिष्ठांपर्यंत न्या.

फरक सापडला, आता काय

बिल पूर्ण रकमेने बुक करा आणि त्यावर पेमेंट होल्ड लावा. टेबलाच्या खणात ठेवू नका. खणातल्या बिलाचं देणं पुस्तकात दिसत नाही आणि देय तारीख मात्र पुढे सरकत राहते. मग प्रत्येक प्रश्न ज्याचा त्याच्याकडे पाठवा. नग आणि वजन स्टोअरकडे, दर आणि वाहतूक पर्चेसकडे. आपण स्वतः पीओ किंवा जीआरएन दुरुस्त करायचा नाही, सिस्टीम परवानगी देत असली तरी. आपण हात लावला की तीन हातांचे दोनच राहतात.

प्रश्न मोघम ठेवू नका. "बिल जुळत नाही, बघा" असं लिहिलं की ते चार दिवस पडून राहतं. मी असं लिहितो: "ग्रीसच्या ओळीत जीआरएन १८० किलो दाखवतो. बादलीवर १५ किलो छापलेलं आहे, बादल्या १०, म्हणजे १५० किलो. प्रत्यक्ष बघून जीआरएन दुरुस्त करावा. तोपर्यंत या बिलाचं पेमेंट थांबवलं आहे." समोरच्याला काय करायचं ते यातून नेमकं कळतं.

पुरवठादारालाही त्याच दिवशी ओळवार फरक कळवा. फोनवर सांगितलं तरी मागून मेल हवाच.

उत्तरं आली की १५,६६० ची डेबिट नोट काढायची आणि निव्वळ १,१९,२४० रिलीज करायचे. काही जण बिलच १,१९,२४० ने बुक करून मोकळे होतात. तसं करू नये. पुरवठादाराच्या वहीत बिल १,३४,९०० चंच असतं, आणि वर्षाच्या शेवटी त्याचं स्टेटमेंट आपल्या खात्याशी जुळवताना हा फरक कशाचा, ते शोधत बसावं लागतं. डेबिट नोटेवर बिल नंबर, ओळ, नग आणि कारण लिहिलं की दोन्हीकडे तोच कागद राहतो. कमी झालेल्या रकमेवरचा करही कमी करावा लागतो. त्याची रीत आपल्याकडच्या कर नियमांप्रमाणे, म्हणून तो आकडा कर बघणाऱ्याकडून तपासून घ्या.

बदली मालाचं काय, हे डेबिट नोट काढण्याआधीच ठरवून घ्यायला हवं. १२ बेअरिंग आणि ३० किलो ग्रीस, म्हणजे दोन बादल्या, पुरवठादार पाठवून देतो म्हणाला, तर दोन रस्ते आहेत. एक, डेबिट नोट काढा, आणि बदली मालाचं तो नवं बिल देईल. दोन, डेबिट नोट काढू नका, तेवढी रक्कम होल्डवर ठेवा, आणि बदली माल बिलाशिवाय, फक्त चलानावर येईल. दोन्ही चालतात. अडचण होते ती दोन्ही अर्धे अर्धे झाल्यावर. डेबिट नोट न काढता होल्ड सुटला आणि बदली मालाचं नवं बिलही आलं, तर त्याच १२ बेअरिंगचे पैसे दोनदा जातात. आणि दुसऱ्यांदा आलेलं बिल कागदावर अगदी स्वच्छ जुळतं, कारण त्याला खरा जीआरएन असतो. म्हणून कोणता रस्ता घेतला ते पहिल्या बिलाच्या शेऱ्यात लिहून ठेवा. वरचा फॉर्म्युला इथेही उपयोगी पडतो. पहिल्या बिलाचे पूर्ण २५० नग E मध्ये धरले असतील, तर आधीचे ३५० मिळून E ६०० होतो आणि नव्या बिलाला उत्तर शून्य येतं.

रिलीज झाल्यावर राहिलेली एक नोंद

ज्या सिस्टीममध्ये आलेला माल आणि आलेलं बिल यांचा मेळ घालणारं जीआर-आयआर खातं असतं, तिथे माल आला की पीओच्या दराने त्यात जमा होते आणि बिल आलं की नावे. काम नीट झालं असेल तर पीओच्या ओळीवर शेवटी शून्य उरतं. आपल्या उदाहरणात पेमेंट बरोबर गेलं, पण स्टोअरने १२ बेअरिंगची परतीची एंट्री केली नाही, तर त्या ओळीवर २,१६० जमा दिसत राहतील. ग्रीसचा जीआरएन १५० वर आणला नाही, तर १२,००० जमा. म्हणजे पैसे वाचले, पण स्टॉकमध्ये नसलेला माल अजून आहे असं दिसतं. याउलट नावे बाकी उरली, तर न आलेल्या मालाचं बिल धरलं गेलंय.

मी महिनाअखेरीला या खात्याची यादी पीओच्या ओळीप्रमाणे काढतो आणि साठ दिवसांपेक्षा जुनी प्रत्येक बाकी त्या त्या माणसाला विचारतो. ग्रीसच्या ओळीवरचे १२,००० पुढच्या महिन्यातही तसेच दिसले, तेव्हा मी स्टोअरमध्ये जाऊन काकांच्या शेजारी उभा राहिलो. दोघांनी मिळून बादल्या मोजल्या, आणि जीआरएन त्यांनी त्यांच्या हाताने दुरुस्त केला.